रात्री तीनला ती उठून बसते तेव्हा

प्रश्न: बायको ४७ वर्षांची आहे. पाळी कधी दोन महिन्यांनी येते, कधी पंधरा दिवसांत. रात्री घामाघूम होऊन उठून बसते, दिवसा लहानशा गोष्टीवरून भडकते, मी जवळ गेलो की हात झटकते. डॉक्टर म्हणाले, वय आहे, समजून घ्या. म्हणून मी गप्प राहतो, पण आता एका घरात दोन भाडेकरू राहतात असं झालंय. समजून घ्यायचं म्हणजे नक्की करायचं काय? (सोलापूर)

उत्तर:

तुमच्या गप्प राहण्यापासूनच सुरुवात करते, कारण तो सल्ला मीही बरीच वर्षं देत आले. समोर पाळी जायच्या वयातली बाई, शेजारी अवघडून बसलेला नवरा, बाहेर वीस पेशंट ताटकळलेले. ‘जरा समजून घ्या हो त्यांना’ म्हणायचं, कॅल्शियम लिहून द्यायचं आणि पुढचा नंबर घ्यायचा. असेच एक गृहस्थ दोन महिन्यांनी परत आले आणि जरा अभिमानानंच म्हणाले, ‘मॅडम, तुम्ही सांगितल्यापासून मी हिला एक शब्द बोललो नाही.’ बायको त्यांच्याकडे न बघता म्हणाली, ‘मला वाटलं यांना माझा कंटाळा आला.’ दोघंही खरं बोलत होते. त्या दिवसापासून मी नुसतं ‘समजून घ्या’ म्हणणं सोडलं. आता मी नवऱ्याला कामं सांगते.

कामं सांगण्याआधी आत काय चाललंय ते थोडक्यात सांगते, नाहीतर ती कामं अर्धवट होतात. लोकांना वाटतं की या वयात इस्ट्रोजेन हे हार्मोन हळूहळू कमी होत जातं. तसं झालं असतं तर शरीराला जुळवून घेणं सोपं गेलं असतं. पाळी बंद होण्याआधीच्या काही वर्षांत त्याची तऱ्हा आपल्या सोलापुरातल्या नळासारखी असते. एखादे दिवशी धो धो, मग चार दिवस ठणठणाट, मग भलत्याच वेळी करंगळीएवढी धार. मेंदूत शरीराचं तापमान सांभाळणारी एक जागा आहे, ती या चढउतारानं फार हळवी होते. एरवी अंग थोडं तापलं तरी ती दुर्लक्ष करते. आता जाड चादर, गरम चहा, शेजारच्या माणसाची ऊब एवढ्यानंसुद्धा तिला वाटतं की अंग भट्टीसारखं तापलं. मग ती कातडीखालच्या रक्तवाहिन्या खुल्या करते आणि घाम सोडते. छातीपासून चेहऱ्यापर्यंत वाफ चढते, काळीज धडधडतं. हे सगळं साधारण एक ते पाच मिनिटांत ओसरतं, आणि ओल्या अंगाला लगेच हुडहुडी भरते.

आता रात्री झटकलेल्या हाताकडे बघा. त्या दोन-तीन मिनिटांत तुमचा तळहात म्हणजे शेकायची पिशवी असते. पेटलेल्या अंगावर ती कुणाला चालेल?

एका जोडप्याचं उदाहरण सांगते. ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत. नवरा चादरीच्या कारखान्यात यंत्रमागावर, एक आठवडा दिवसपाळी, एक आठवडा रातपाळी. बाई ४८ वर्षांची, घरातून कडक भाकरी करून ऑर्डरप्रमाणे देणारी. म्हणजे सकाळी चार तास तव्यासमोर. पाळी येऊन चार महिने झालेले, त्याआधी दीड वर्ष अनियमित आणि अंगावरून खूप जायचं. नवऱ्याची तक्रार एकच होती, ‘ही आधी अशी नव्हती.’

मी त्यांना भिंतीवरच्या कॅलेंडरवर तीन आठवडे खुणा करायला सांगितल्या. रात्री जितक्या वेळा जाग आली तितक्या उभ्या रेघा. दिवसा भांडण झालं तर फुली. अंगावरून गेलं तर लाल टिंब. खुणा नवऱ्यानं करायच्या, पण विचारणा पोलिसासारखी करायची नाही. सकाळी चहा घेताना ती आपणहून सांगेल तेवढंच लिहायचं. रेघ मारायला नवरा मुद्दामच निवडते. स्वतःच्या हातानं सलग तीन रात्री चार-चार रेघा मारल्यावर त्याला चौथ्या दिवशीच्या भांडणाचं तितकं नवल वाटत नाही.

तीन आठवड्यांनी ते पान घेऊन आले. एकूण नऊ फुल्या होत्या. त्यांतल्या सात तीन किंवा जास्त रेघांच्या रात्रींनंतरच्या. आणि त्या रात्रींतल्या चार अशा, ज्या रात्री अडीच-तीनला नळाला पाणी आलेलं. बाई घामानं उठायची, नळाचा आवाज ऐकून पाणी भरायला जायची, तासभर मोटर आणि पिंप करून यायची, मग पहाटेपर्यंत नुसती पडून राहायची, आणि सहाला तव्यासमोर. रात्रीचं हे पाणी भरणं वर्षानुवर्षं तसंच चाललेलं होतं. फरक एवढाच की आधी ती परत झोपू शकत होती.

उरलेल्या दोन फुल्यांकडे नंतर येते. त्या महत्त्वाच्या आहेत.

दरम्यान तपासण्या केल्या. या वयात चिडचिड आणि थकवा दिसला की हिमोग्लोबिन, थायरॉइडची टीएसएच आणि साखर बघतेच, कारण थायरॉइड बिघडला तरी घाम, धडधड, झोपमोड हेच सगळं होतं. बाईंचं हिमोग्लोबिन ८.९ निघालं, आधीच्या जास्त रक्तस्रावामुळे. लोहाच्या गोळ्या सुरू केल्या आणि तो रक्तस्राव का होत होता हे बघायला सोनोग्राफीही केली. पाळी जात आलीय का हे बघायला एफएसएच या हार्मोनची तपासणी करतात, ती मात्र पंचेचाळिशीनंतर, लक्षणं इतकी सरळ असताना, मी सांगत नाही. ते आज एक आकडा दाखवतं, पंधरा दिवसांनी दुसरा. उगाच पैसे जातात आणि ‘रिपोर्ट नॉर्मल आहे, म्हणजे हिचे नखरे आहेत’ असा अर्थ घरात काढला जातो. हे मी पाहिलेलं आहे.

मग रात्रीची व्यवस्था लावली. पाणी भरणं नवऱ्याकडे आणि त्याच्या रातपाळीच्या आठवड्यात कॉलेजातल्या मुलाकडे. दोघांच्या अंगावर मिळून एक जाड सोलापुरी चादर असायची, ती गेली. त्याला त्याची चादर, तिला जुनी सुती साडी दुहेरी करून. तिच्या बाजूला टेबलफॅन, उशाशी तांब्या आणि कोरडा गाऊन, हात लांबवला की मिळेल असा. जेवण आठच्या आत, संध्याकाळनंतर चहा बंद. रात्रीच्या ताटातली शेंगाची चटणी दोन आठवडे बाजूला ठेवून बघा म्हटलं, तर बाई म्हणाल्या, ‘चटणीशिवाय जेवण म्हणजे औषधच की हो.’ शेवटी ती दुपारच्या जेवणात गेली. तिखटानं काहींच्या वाफा वाढतात, काहींना काही फरक पडत नाही. वगळून बघितल्याशिवाय कळत नाही, आणि फरक नसेल तर चटणी खुशाल परत घ्या.

वाफ येते त्या पाच मिनिटांत नवऱ्यानं काय करायचं, हे मी प्रत्येकाला अगदी पायरी-पायरीनं सांगते. ती उठून बसली की दिवा लावायचा नाही. ‘काय झालं?’ विचारायचं नाही, काय झालं ते आता तुम्हाला माहीत आहे. पंखा तिच्याकडे वळवायचा, पाणी हातात द्यायचं आणि अंगाला हात न लावता जागं राहायचं. घाम थांबून हुडहुडी भरली की गाऊन पुढे करायचा, ती साडी तिच्या खांद्यावर ओढायची. हात पुढे करायची वेळ ही. पाच मिनिटांपूर्वी झटकलेला तोच हात आता तिला हवा असतो. त्या यंत्रमागवाल्या गृहस्थांनी मला नंतर सांगितलं की पंचवीस वर्षांच्या संसारात ‘आता थंडी वाजतेय, जवळ सरका’ हे वाक्य त्यांनी पहिल्यांदा ऐकलं.

एवढ्यानं वाफा जात नाहीत, हेही स्पष्ट सांगते. पंखा आणि सुती कापड त्रास सोसण्याजोगा करतात, मुळावर घाव घालतं ते हार्मोनचं औषध. त्याबद्दल कॅन्सरची भीती घराघरांत आहे, आणि ती बरीचशी २००२ साली गाजलेल्या एका मोठ्या अमेरिकन अभ्यासातून आलेली आहे. त्यातल्या बायकांचं सरासरी वय ६३ होतं, आणि दोन हार्मोनच्या एकत्र गोळ्या घेणाऱ्यांमध्ये दर दहा हजार बायकांमागे वर्षाला स्तनाच्या कॅन्सरचे साधारण आठ जास्त रुग्ण दिसले. धोका शून्य नाही, पण साठीच्या आत आणि पाळी बंद होऊन दहा वर्षं व्हायच्या आत, त्रास जास्त असलेल्या निरोगी बाईला फायद्याचं पारडं सहसा जड असतं. स्तनाचा कॅन्सर झालेला, रक्ताच्या गाठी झालेल्या, यकृताचा आजार असलेल्या किंवा रक्तस्रावाचं कारण न सापडलेल्या बाईला ते देत नाही. अशांना नैराश्यावरची काही औषधं कमी मात्रेत देऊन वाफा कमी करता येतात. गर्भपिशवी शाबूत असेल तर इस्ट्रोजेनबरोबर प्रोजेस्टेरॉन द्यावंच लागतं, नाहीतर पिशवीचं अस्तर वाढतं. म्हणून मैत्रिणीची चिठ्ठी दाखवून दुकानातून औषध आणायचं नाही. आमच्या बाईंना सोनोग्राफी, रक्तदाब आणि स्तनांची तपासणी झाल्यावर त्वचेवर लावायची जेल आणि रात्री प्रोजेस्टेरॉनची गोळी दिली. महिन्याभरात रेघा चारांवरून एक-दोनांवर आल्या.

झोप लागायला लागली तशी चिडचिड उतरली. जवळीक मात्र आली नाही. नवरा खट्टू झाला, ‘सगळं केलं, तरी ही लांबच.’ मी त्याला पाच मिनिटं बाहेर बसवलं. बाई खाली बघत म्हणाल्या, ‘दुखतं. सुरी फिरवल्यासारखं. म्हणून ते खोलीत यायच्या आधीच मी झोपेचं सोंग घेते.’ केव्हापासून? दीड वर्षं. नवऱ्याला सांगितलंत? ‘असलं काय सांगायचं?’

रात्रीचं गाडं फार वेळा इथेच अडलेलं असतं, आणि नवऱ्याला याचा पत्ता नसतो. इस्ट्रोजेन कमी झालं की योनीमार्गाची त्वचा पातळ होते, ओल कमी होते, संबंधाच्या वेळी आग होते, कधी बारीक चिरा पडतात. लघवीला जळजळ, वरचेवर जंतुसंसर्ग हेही त्याचंच भावंड. वाफा काही वर्षांनी बहुतेकींच्या ओसरतात, पण हा कोरडेपणा आपोआप जात नाही, उलट वाढतो. तेव्हा ‘थोडे दिवस कळ काढू’ हे इथे चालत नाही. आणि दुखण्याच्या भीतीनं बाई नुसता संबंध टाळत नाही. ती खांद्यावरचा हात टाळते, शेजारी बसणं टाळते, कारण तिच्या अनुभवात प्रत्येक हात शेवटी तिथेच पोचतो. नवऱ्याला वाटतं, प्रेम आटलं.

यावर औषध सोपं आहे. आत लावायची कमी मात्रेची इस्ट्रोजेन क्रीम, पहिले दोन आठवडे रोज रात्री, मग आठवड्यातून दोनदा. रक्तात फार थोडी जाते, पण स्तनाचा कॅन्सर झालेला असेल तर तीही डॉक्टरांना विचारूनच. परिणाम दिसायला काही आठवडे लागतात, पूर्ण गुण यायला तीन महिनेही. म्हणून पहिले सहा आठवडे मी संबंध बंद ठेवायला सांगते, आणि हे वाक्य नवऱ्यानं तिला तोंडानं सांगायचं, मनात ठेवायचं नाही. मनातल्या मनात थांबलेला नवरा तिला फक्त रुसलेला दिसतो. या गृहस्थांनी काय सांगितलं ते त्यांच्याच शब्दांत: ‘अगं, मॅडमनी सहा आठवडे सुट्टी दिलीय. त्यामुळे आता घाबरू नको. टाचांना तेल लावून देऊ का?’ रोज चार-चार तास तव्यासमोर उभ्या राहणाऱ्या बाईच्या टाचा त्या. तिसऱ्या-चौथ्या दिवशी तिनं पाय स्वतःहून पुढे केले. सहा आठवडे कुठेही न पोचणारा स्पर्श मिळाला की शरीराची सवय मोडते, हात आला म्हणजे दुखणार ही. त्यानंतर सुरुवात तिच्या मर्जीनं, जेलीसारखं वंगण वापरून आणि दुखलं की तिथेच थांबून.

आता त्या दोन फुल्या. त्या चांगल्या झोपेच्या रात्रींनंतरच्या होत्या. एक भांडण सासूबाईंच्या औषधपाण्याचं सगळं तिच्यावरच पडतं यावरून, दुसरं भाकरीचे पैसे तिला न विचारता नणंदेला दिले यावरून. या रागाला हार्मोनचं कारण लावायचं नाही. तो राग जुना आणि खरा होता, आधी ती गिळत होती एवढंच. ‘तुझी पाळी जायला लागलीय ना, म्हणून’ हे वाक्य ज्या नवऱ्यानं एकदा उच्चारलं, त्याचं पुढचं सगळं शहाणपण वाया जातं. माहिती घेतलेल्या नवऱ्यांचीच ही चूक जास्त होते, तेव्हा तुम्ही सांभाळा. आधी आदल्या रात्रीच्या रेघा बघा. रेघा जास्त असतील तर वाद त्या दिवशी वाढवू नका, पण ‘संध्याकाळी बोलू’ म्हणा आणि संध्याकाळी खरंच बोला. रेघा कमी असतील तर ते साधं भांडण आहे, त्याला उत्तर द्या. या घरात सासूबाईंना दवाखान्यात न्यायचं काम त्यांच्या मुलाकडे, म्हणजे या नवऱ्याकडेच आलं आणि पैशांची वही बाईकडे गेली.

बोलायची जागाही निवडा. स्वयंपाकघरात सकाळी सातला किंवा रात्री अंथरुणावर हा विषय काढू नका. हे दोघं संध्याकाळी सिद्धेश्वर तलावाच्या कडेनं चालायला लागले. चालताना एकमेकांच्या तोंडाकडे बघावं लागत नाही, त्यामुळे अवघड गोष्टी सुटतात, असा माझा अनुभव. ‘तुला झालंय तरी काय’ या प्रश्नाला उत्तर नसतं. ‘कालच्या रात्रीत सगळ्यात वाईट काय होतं?’ याला असतं.

काही गोष्टी मात्र घरात सांभाळत बसायच्या नाहीत. सलग दोन आठवडे बहुतेक वेळ उदास, कशातच मन नाही, रडू, जेवणावर वासना नाही, असं असेल तर ती चिडचिड नव्हे, नैराश्य आहे. या काळात त्याचा धोका वाढतो, बाळंतपणानंतर किंवा आधी कधी तसा त्रास झाला असेल तर अधिकच. ‘मी नसलेलं बरं’ असं एकदा जरी बोलली तर तिला एकटं सोडू नका आणि त्याच दिवशी डॉक्टरांकडे न्या. टेलिमानसचा १४४१६ हा सरकारी क्रमांक चोवीस तास चालू असतो आणि तिथे मराठीत बोलता येतं. पाळी पूर्ण बारा महिने बंद राहून पुन्हा अंगावरून गेलं, एक टिंब का असेना, किंवा संबंधानंतर रक्त दिसलं, तर तपासणी लांबवायची नाही. आणि आपल्याकडे चाळिशीच्या आतच पिशवी काढलेल्या बायका खूप आहेत. पिशवीबरोबर अंडाशयही काढली असतील तर हा सगळा त्रास काही दिवसांत एकदम अंगावर येतो आणि जास्त तीव्र असतो. जुने ऑपरेशनचे कागद शोधून डॉक्टरांना दाखवा.

तुम्ही आज रात्रीपासून चादरी वेगळ्या करा, कॅलेंडर उद्यापासून. तीन आठवड्यांनी दोघं मिळून स्त्रीरोगतज्ज्ञांकडे जा आणि आत गेल्यावर तुम्ही आपणहून पाच मिनिटं बाहेर बसा.

एक राहिलंच. पाळी दोन-दोन महिने लांबते म्हणून दिवस राहायचे नाहीत असं समजू नका. पन्नाशीच्या आत पाळी बंद झाली तर त्यानंतर दोन वर्षं, पन्नाशीनंतर झाली तर एक वर्ष काळजी घ्यावी लागते, आणि हार्मोनची जेल किंवा गोळी म्हणजे गर्भनिरोधक नव्हे. निरोध वापरत असाल तर वंगण म्हणून खोबरेल तेल घेऊ नका, त्यानं रबर फाटतं. औषधाच्या दुकानात पाण्यात विरघळणारी जेली मिळते, ती घ्या.